गारपिटीनंतरचा विमा दावा ‘जुनी झीज’ म्हणून परत येतो तेव्हा

ही तक्रार दरवेळी एकाच वळणानं जाते. गारा पडतात, त्याच रात्री छत गळायला लागतं, दावा टाकला जातो, सर्व्हेअर येऊन अर्धा-पाऊण तास फिरून जातो आणि थोड्या दिवसांनी पत्र येतं: नुकसान नैसर्गिक झिजेमुळे झालेलं असल्यानं दावा मान्य करता येत नाही. कधी पत्रात ‘फक्त दर्शनी स्वरूपाचं नुकसान’ असं असतं, तर कधी दावा मान्य होतो पण रक्कम इतकी तुटपुंजी असते की ती वजावटीतच, म्हणजे आपण स्वतः सोसायच्या हिश्श्यातच संपते. पुढच्या गारपिटीला पुन्हा तेच.

बहुतेक वेळा याचं मूळ एका ठिकाणी असतं. घरमालक सर्व्हेअरला गळती दाखवतो आणि सर्व्हेअर शोधत असतो मार. ओलं छत, भिंतीवरचे ओघळ, फुगलेलं प्लायवूड हे सगळं पाणी आत आल्याचा पुरावा आहे, पण ते गारेनं फोडलेल्या भोकातून आलं की पाच वर्षांपूर्वी सरकलेल्या कौलाखालून, हे त्यातून कळत नाही. सर्व्हेअरला तीन गोष्टी एका रांगेत लागतात: त्या दिवशी या घरावर केवढी गार पडली, तेवढ्या गारेनं हे साहित्य फुटू शकतं का, आणि समोर दिसणारी प्रत्येक फूट माराची आहे का. यातली एक कडी निसटली की अहवालात ‘झीज’ हा शब्द येतो. त्याला नेहमीच सर्व्हेअरची बदमाशी म्हणता येत नाही, कारण जुन्या छतावर खरी झीज असतेच आणि ती गारेच्या खुणांमध्ये मिसळलेली असते. ती वेगळी काढून दाखवणं हेच आपलं काम.

गार केवढी होती हे आधी ठरवा, आणि ते छतावर न चढता

गारेचा व्यास दुप्पट झाला की तिचं वजन आठपट होतं, आणि मोठी गार खाली येतानाही जास्त वेगानं येते. त्यामुळे आघाताची ऊर्जा दुप्पट किंवा चौपट होत नाही, साधारण सोळापट होते. २५ मिलिमीटरची गार साडेसात ग्रॅमच्या आसपास असते आणि सेकंदाला २२-२३ मीटर वेगानं आदळते, म्हणजे जेमतेम २ ज्यूल. ५० मिलिमीटरची गार ६० ग्रॅमच्या पुढे जाते आणि तिचा आघात ३० ज्यूलच्या घरात पोचतो. म्हणूनच ‘खूप मोठ्या गारा होत्या’ या वाक्याला दाव्यात किंमत नाही. ३० मिलिमीटर की ४०, यावर सगळं ठरतं.

गारा अंगणात असतानाच चार-पाच गोळा करून मोजपट्टीशेजारी ठेवून फोटो काढले असतील तर उत्तमच. उरलेल्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाकाव्यात. मात्र फोटो आधी काढायचा, कारण फ्रीझरमध्येही बर्फ हळूहळू झिजतो आणि आठवड्यांनी मोजलेला आकार मूळचा राहत नाही.

गारा वितळून गेल्या असल्या तरी माप हातचं गेलेलं नसतं. घराभोवतीच्या मऊ आणि मळलेल्या वस्तू पाहा: एसीचा बाहेरचा डबा, पाण्याच्या टाकीचं झाकण, विजेच्या मीटरची पेटी, पन्हळ, जुना रंगवलेला लाकडी कठडा. गार आदळते तेव्हा त्या जागेची धूळ, शेवाळ किंवा पांढरट ऑक्साइडचा थर उडतो आणि मागे एक स्वच्छ, गोलसर डाग राहतो. त्याचा व्यास साधारण गारेएवढा असतो. डाग एका बाजूला लांबट झालेला असेल तर गारा कुठून आल्या तेही कळतं.

या डागांचं खरं महत्त्व वेगळंच आहे. पत्र्यावरचा पोचा वर्षानुवर्षं तसाच राहतो, म्हणून तो या वादळाचा की तीन वर्षांपूर्वीचा हे सांगता येत नाही. स्वच्छ डाग मात्र ऊन, पाऊस आणि धूळ बसून काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुसट होतो. म्हणजे तो दिसतोय यातच मार अलीकडचा असल्याचं सिद्ध होतं. आणि नेमके हेच डाग लोक पहिल्यांदा धुऊन टाकतात. पाहुणे यायचे म्हणून एसीचा डबा फडक्यानं पुसणारे लोक मी पाहिले आहेत.

एसीच्या मागच्या बाजूला अॅल्युमिनियमच्या बारीक पट्ट्या असतात. त्या इतक्या मऊ असतात की लहान गारेनंही दबतात, त्यामुळे मार कोणत्या बाजूनं आला हे तिथं लगेच दिसतं. पत्र्यावरचे पोचे उन्हात दिसत नसतील तर खडू आडवा धरून पृष्ठभागावरून हलका फिरवा. सपाट भाग पांढरा होतो, पोच्याच्या खळग्यात खडू लागत नाही आणि पोचे गडद ठिपक्यांसारखे उठून दिसतात. पोच्याचा व्यास गारेपेक्षा बराच लहान असतो, म्हणून पोचा मोजून ‘एवढीच गार’ असं लिहून देऊ नका. मापासाठी डाग, संख्येसाठी पोचे.

साहित्याची ताकद आणि प्रमाणपत्राचा खरा अर्थ

छताच्या साहित्यावर ‘क्लास ४, गाररोधक’ असं छापलेलं असतं तेव्हा बहुधा यूएल २२१८ ही अमेरिकी चाचणी अभिप्रेत असते. त्यात ठरावीक उंचीवरून पोलादी गोळा नमुन्यावर एकाच जागी दोनदा टाकतात. पहिल्या वर्गासाठी गोळा सुमारे ३२ मिलिमीटरचा असतो, चौथ्यासाठी सुमारे ५० मिलिमीटरचा आणि सहा मीटर उंचीवरून. नंतर नमुन्याला तडा गेला आहे का ते भिंगातून पाहतात. कौलांसारख्या कडक साहित्यासाठी एफएम ४४७३ ही दुसरी चाचणी आहे, तिच्यात बर्फाचे गोळे मारतात.

इथं दोन गोष्टी नजरेतून सुटतात. एक, नमुना कोराकरकरीत असतो. दहा उन्हाळे खाल्लेलं डांबरी शिंगल किंवा पॉलिकार्बोनेट त्या वर्गाचं उरलेलं असेलच असं नाही. दोन, चाचणीत तडा मोजतात, पोचा नाही. म्हणून पोलादी पत्रा चौथ्या वर्गात सहज बसतो आणि तरीही पहिल्याच मोठ्या गारपिटीत त्याच्यावर देवीचे व्रण उठतात. घेणारा म्हणतो फसवलं, कंपनी म्हणते पत्रा फुटला कुठं? दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

पोलादी पत्रा ५० मिलिमीटरच्या गारेनंही सहसा फाटत नाही. डांबरी शिंगलला साधारण २५ ते ३२ मिलिमीटरपासून इजा होऊ लागते, आणि शिंगल जितकं जुनं तितकी ती लवकर होते. सिमेंटचा पत्रा आणि मातीचं कौल कडक पण ठिसूळ असतात. ते वाकत नाहीत, एकतर सोसतात नाहीतर तडकतात. त्यांच्यात खालचा आधार निर्णायक ठरतो. रिपेवर नीट टेकलेलं कौल जो मार सोसतं, त्याच मारानं अधांतरी कोपरा उडतो. पॉलिकार्बोनेट नवं असताना चिवट असतं, पण पिवळं पडलेलं असेल तर त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

छतावर सौर पॅनेल असतील तर तीही तपासा, पण ती चांगली राहिली म्हणून छतही चांगलंच असेल असं धरू नका. पॅनेलच्या नेहमीच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत २५ मिलिमीटरचा बर्फाचा गोळा सेकंदाला २३ मीटर वेगानं काचेवर अकरा ठिकाणी मारतात. त्याहून मोठ्या गारेबद्दल ती चाचणी काहीच सांगत नाही.

खुणा वाचताना

सगळ्यात जास्त वाद कौलांवर होतात, म्हणून तिथं वेळ द्या. फुटलेलं कौल हातात घेऊन तुटलेली कड पाहा. ताज्या फुटीत आतला विटेसारखा रंग लख्ख दिसतो, कड धारदार असते आणि बोट फिरवलं तर लाल पूड लागते. जुन्या फुटीची कड काळपटलेली असते, फटीत माती किंवा शेवाळ बसलेलं असतं, टोकं बोथट झालेली असतात. हा एकच फरक निम्मी भांडणं मिटवतो, पण कड चार पावसांत मळायच्या आत तिचा फोटो काढला असेल तरच.

मग फुटीचा आकार पाहा. गारेनं फुटलेल्या कौलावर बहुधा एक केंद्र असतं. तिथं टवका उडालेला असतो आणि तडे त्या बिंदूपासून बाहेर पसरतात, किंवा खालचा अधांतरी कोपरा वा कड अर्धचंद्रासारखी उडालेली असते. कौलाच्या मधोमध आडवा, सरळ तडा असेल आणि माराचा बिंदू कुठंच दिसत नसेल तर तिथं कोणीतरी पाय दिलेला असतो. टाकी साफ करणारा, केबलवाला किंवा दावा टाकायच्या आधी ‘बघून येतो’ म्हणून वर गेलेला आपलाच माणूस. अशी फुटकी कौलं टाकीपर्यंत किंवा अँटेनापर्यंत एका ओळीत सापडतात. खिळ्याच्या भोकातून निघालेला तडा हा बसवण्याचा दोष असतो. गारा ओळ धरून पडत नाहीत, त्यांच्या खुणा विखुरलेल्या असतात.

वरून अखंड दिसणाऱ्या कौलांचं काय करायचं? बोटाच्या पेरानं ठोका. चांगलं भाजलेलं, अखंड कौल खणखणीत वाजतं, केसाएवढा तडा गेलेलं कौल बद्द आवाज करतं. असं बद्द वाजणारं कौल काढून उलटं धरा, तडा बहुतेक खालच्या बाजूला सापडतो.

सिमेंटच्या पत्र्याच्या बाबतीत आधी एक सक्त सूचना. त्याच्यावर पाय देऊ नका, फळी टाकूनसुद्धा अंदाजानं चढू नका. गार खाल्लेला जुना पत्रा वरून धड दिसतो आणि माणसाच्या वजनानं एका झटक्यात बसतो. पत्रा अॅस्बेस्टॉसचा असण्याची शक्यता असेल तर तुकडे करवतीनं कापू नका, कोरडे झाडू नका. ते ओले करून जाड पिशवीत बांधून ठेवा.

सुदैवानं सिमेंटचा पत्रा वाचायला वर जावंच लागत नाही, कारण त्याची गोष्ट खालच्या बाजूला लिहिलेली असते. मार वरून बसतो, वर जेमतेम पांढरट ठिपका दिसतो, पण तडा आणि उडालेला टवका खालून मोठा असतो. पाऊस उघडल्यावर तासा-दोन तासांनी आत उभं राहून वर पाहा. बाकीचा पत्रा वाळलेला असतो आणि तड्यांनी ओल धरून ठेवलेली असते, त्यामुळे चांदणीसारख्या गडद रेघा स्पष्ट उठतात. फोटो तेव्हाच काढा. याउलट हुक बोल्टच्या भोकातून निघून पत्र्याच्या खाचेच्या लांबीनं गेलेली सरळ फट गारेची नसते. बोल्ट जास्त आवळल्यानं किंवा पत्र्याला उन्हात प्रसरण पावायला जागा न मिळाल्यानं ती पडते, आणि तिच्या खाली बहुधा जुने तपकिरी ओघळ असतात.

ओघळांवरून आठवलं, वासे आणि रिपाही तपासा. एकदाच भिजलेल्या लाकडावर एक फिकट कड दिसते. वर्षानुवर्षं भिजणाऱ्या लाकडावर एकात एक गडद वलयं असतात. सर्व्हेअर हे पाहतोच, तुम्ही त्याच्या आधी पाहिलेलं बरं.

डांबरी शिंगलवर गार बसली की वरची खडी दबते किंवा उडते आणि खालचा डांबरी थर काळा दिसतो. त्या जागेवर बोट दाबलं तर मार लागलेल्या फळासारखी मऊ लागते, कारण आतली जाळी तुटलेली असते. उष्णतेनं आलेला फोड फुटला तरी खडी उडते, पण तिथं कडा उभ्या असतात, मधे खड्डा असतो आणि दाबल्यावर भोवतालचा भाग टणकच लागतो.

पोलादी पत्र्यावर फक्त तीन गोष्टी शोधा: जोड उघडलाय का, स्क्रूभोवतीचा रबरी वॉशर निसटलाय का, आणि पोच्याच्या तळाशी रंग व जस्ताचा थर तडकून पोलाद उघडं पडलंय का. यातलं काहीच नसेल तर पॉलिसीतला दर्शनी नुकसानाचा अपवाद वाचल्याशिवाय पत्र्यासाठी भांडू नका. सपाट छतावरच्या जलरोधक पटलात गोल, वलयासारखे तडे शोधायचे असतात, विशेषतः जिथं खालचं इन्सुलेशन मऊ आहे तिथं.

एक प्रकरण, आकड्यांसकट

घराला तीन प्रकारचं छत होतं: मुख्य भागावर कौलं, मागच्या पडवीवर सिमेंटचे चौदा पत्रे, पुढच्या गाडीच्या जागेवर रंगीत पोलादी पत्रा. पहिला दावा ‘संपूर्ण छत बदलणे’ असा गेला आणि झीज म्हणून नाकारला गेला. मालकानं सर्व्हेचा अहवाल मागवला. त्यात बोल्टच्या भोकातल्या जुन्या फटीचे दोन आणि काळपटलेल्या कौलाचा एक फोटो होता. म्हणजे सर्व्हेअरनं खोटं काही लिहिलं नव्हतं. त्यानं जुनं तेवढं पाहिलं होतं, आणि दावाच सरसकट असल्यानं नवं वेगळं काढून त्याच्यापुढं कोणी ठेवलेलं नव्हतं.

दुसऱ्या फेरीत काम उलट्या टोकानं सुरू केलं. एसीच्या डब्यावर स्वच्छ डाग होते, मोजल्यावर ३० ते ३५ मिलिमीटर भरले. मीटरच्या पेटीच्या पश्चिमेकडच्या बाजूलाच डाग होते, पूर्वेची बाजू कोरी. पन्हळीला पोचे पश्चिमेलाच जास्त. गारा पश्चिमेकडून तिरप्या आल्या, हे तिथंच ठरलं.

मग प्रत्येक उतारावर ३ मीटर बाय ३ मीटरचा चौकोन खडूनं आखून त्यातली प्रत्येक फूट नोंदवली. हा चौकोन नुकसान जाणकारांच्या रोजच्या कामातला आहे. त्याचा फायदा असा की मोजणी कोणालाही पुन्हा करून पाहता येते. पश्चिम उताराच्या चौकोनात सतरा कौलं फुटलेली निघाली. त्यातल्या बारांची कड ताजी होती आणि माराचा बिंदू दिसत होता किंवा अधांतरी कोपरा उडालेला होता. तिघांची कड काळी होती. दोघांना टाकीच्या वाटेवर आडवे तडे होते. पूर्व उताराच्या तेवढ्याच चौकोनात एकच ताजी फूट होती. वाऱ्याकडच्या उतारावर बारा आणि आडोशाच्या उतारावर एक, हे प्रमाणच सांगतं की कारण वरून आणि एका दिशेनं आलं. झीज दिशा पाळते ती उन्हाची, पण ती एका रात्रीत ताज्या कडा तयार करत नाही.

पडवीत खालून पाहिल्यावर चौदापैकी चार पत्र्यांवर चांदणीसारखे ओले तडे दिसले आणि तीन पत्र्यांवर बोल्टपासून निघालेल्या जुन्या फटी. पोलादी पत्र्यावर खडू फिरवल्यावर चाळीसहून जास्त पोचे निघाले, पण जोड बंद, वॉशर जागेवर, रंग अखंड.

सुधारित दाव्यात पूर्ण छताचा उल्लेखच नव्हता. दोन्ही उतारांची पूर्ण मोजणी करून तेवढीच ताजी फुटलेली कौलं, चार सिमेंटचे पत्रे आणि मजुरी. जुनी कौलं, पावलांनी फुटलेली कौलं आणि बोल्टच्या फटी असलेले तीन पत्रे नावानिशी लिहून ‘यांचा दावा नाही’ असं स्पष्ट केलं. पोलादी पत्र्यावरचे पोचे फक्त गारेची संख्या आणि दिशा दाखवणारा पुरावा म्हणून जोडले. माझ्या मते निकाल फिरला तो या यादीमुळे. जो माणूस स्वतःहून जुनं बाजूला काढतो, त्याच्या ताज्या यादीवर शंका घेणं अवघड जातं. पुनर्तपासणी झाली आणि दावा त्या यादीइतका मान्य झाला.

हातात आलेली रक्कम मात्र मालकाच्या अंदाजापेक्षा कमी होती, आणि याचा हिशेब आधीच करून ठेवावा. दुरुस्तीचा एकूण खर्च १०० धरा: कौलं ३०, सिमेंटचे पत्रे ५०, मजुरी २०. पॉलिसी घसारा वजा करणारी होती. कौलांवर १० टक्के घसारा लागला, उरले २७. पत्र्यांचं आयुष्य २० वर्षं धरलं गेलं आणि ते ८ वर्षांचे होते, म्हणजे ४० टक्के घसारा, उरले ३०. मजुरी पूर्ण २०. बेरीज ७७. त्यातून वजावट २५ गेली आणि हाती ५२ आले. पॉलिसी नव्याच्या किमतीनं भरपाई देणारी असती तर ७५ आले असते. काही पॉलिसी मजुरीवरही घसारा लावतात, ते कलम शोधून वाचा. वजावट दुरुस्तीच्या खर्चापेक्षा मोठी असेल तर दावा न टाकणंच शहाणपणाचं ठरू शकतं.

हमखास कुठं बिघडतं

सगळ्यात मोठा घोटाळा घाईच्या दुरुस्तीत होतो. गळती थांबवणं गरजेचंच आहे. नुकसान वाढू नये म्हणून वाजवी काळजी घेणं ही बहुतेक पॉलिसींमध्ये विमेदाराची जबाबदारी असते, त्यामुळे ताडपत्री टाकाच आणि तिची पावती जपा. पण ताडपत्री टाकणं वेगळं आणि फुटकी कौलं बदलून जुनी भंगारात देणं वेगळं. फुटकी कौलं कुठल्या उतारावरची ते मागे लिहून एका कोपऱ्यात रचून ठेवा, निकाल लागेपर्यंत हलवू नका.

फोटो तीन अंतरांवरून लागतात: पूर्ण उतार, मग चौकोन, मग मोजपट्टीसह एकच खूण. नुसते जवळचे फोटो पाठवले तर ती फूट कुठल्या उतारावरची हे कळत नाही आणि दिशेचा मुद्दा हातचा जातो.

वारा आणि गार यांची खिचडी करू नका. उचकटलेला पत्रा, निघालेला हुक बोल्ट, दुमडलेलं शिंगल ही वाऱ्याची कामं. तीही भरपाईत बसू शकतात, पण वेगळ्या शीर्षकाखाली लिहा. सगळं गारेच्या नावावर टाकलं की त्यातलं एक चुकीचं निघतं आणि संपूर्ण यादी संशयाखाली येते.

दारावर येणाऱ्या छतवाल्यांपासून जपा. ‘वर जाऊन बघतो, पूर्ण छत मंजूर करून देतो’ म्हणणारा कधीकधी हातोडीनं किंवा नाण्यानं खुणा करून खाली येतो. त्या पकडणं अवघड नसतं: सगळ्या एकाच मापाच्या, कडा सोडून नेमक्या मधोमध, आणि शेजारच्या मऊ पन्हळीला मात्र एकही पोचा नाही. अशी एक खूण सापडली तर खरं नुकसानही बुडतं, वर फसवणुकीचा ठपका येतो.

तारीखही पक्की हवी. दाव्यातल्या तारखेला त्या परिसरात गारपीट झाली होती का, हे हवामान खात्याच्या नोंदींतून किंवा रडारच्या माहितीवरून कंपनी पडताळते. गळती चार दिवसांनी लक्षात आली म्हणून दाव्यात गळतीची तारीख लिहिली आणि त्या दिवशी ऊन होतं, तर दावा तिथंच अडकतो. नुकसानीची तारीख म्हणजे गारा पडल्याची तारीख. कळवायलाही उशीर करू नका, कारण मुदतीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी डाग पुसट होत असतात.

नकाराचं पत्र आधीच आलं असेल तर फोनवर वाद घालू नका. सर्व्हे अहवालाची प्रत लेखी मागा, त्यातली प्रत्येक खूण आपल्या चौकोनातल्या खुणेशी ताडून पाहा, आणि जी खूण अहवालात पाहिलीच गेलेली नाही तिचा क्रमांक, उतार आणि फोटो देऊन पुनर्तपासणी मागा. ‘अहवाल चुकीचा आहे’ या वाक्यापेक्षा ‘पश्चिम उतारावरची कौल क्रमांक १ ते १२ तपासलेली दिसत नाहीत’ या वाक्याला उत्तर देणं त्यांना भाग पडतं. पुनर्तपासणीच्या दिवशी शिडी लावलेली ठेवा आणि रचून ठेवलेली फुटकी कौलं बाहेर काढा. सिमेंटच्या पत्र्याखाली सामान रचलेलं असेल तर ते आदल्या दिवशीच हलवा, कारण सर्व्हेअरला पत्र्याच्या खाली उभं राहता आलं नाही तर तो पुन्हा फक्त वरचा ठिपका पाहून जाईल.